*‘ओळखलंत का?’ असं विचारू नका*
_गुंगीत किंवा झोपेत असलेल्या पेशंटला भेटताना काय म्हणावं_



गेल्या महिन्यात आपल्या निजामपुऱ्याच्या ग्रुपमधले एक काका आजारी होते, हे बहुतेकांना माहीत आहे. न्यूमोनिया झाला, श्वास पुरेना, म्हणून त्यांना आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. सहा दिवस ते गुंगीच्या औषधावर होते. आता काका घरी आलेत, काठी घेऊन जिन्यापर्यंत चालतात. ते घरी आल्यावर त्यांच्याशी बोलताना आम्हाला एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. काका म्हणाले, “हे ग्रुपवर लिहा. पुढच्याला उपयोगी पडेल.” म्हणून त्यांच्या परवानगीनेच हा पाठ लिहीत आहोत.

विषय अगदी लहान आहे. आपण दवाखान्यात भेटायला जातो. पेशंट डोळे मिटून पडलेला असतो. अशा वेळी तोंडातून पहिलं वाक्य कोणतं काढायचं?

*काय घडलं*

त्या सहा दिवसांत आपल्यातले अकरा जण काकांना भेटून आले. आत एका वेळी दोघांनाच सोडत होते, तेही संध्याकाळी थोडा वेळ. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं आत गेलो. काका उताणे, तोंडात नळी, हात कापडाच्या पट्टीने कठड्याला सैल बांधलेले. नळी ओढू नये म्हणून तसं बांधतात, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही मास्क लावलेला होता. पायाशी उभं राहून, जरा मोठ्यानेच, आम्ही म्हणालो, “जय गुरुदेव काका! ओळखलंत का? कोण आलंय बघा. डोळे उघडा की!”

काकांच्या भुवया आक्रसल्या. डोकं एका बाजूला वळलं. बांधलेला हात उचलला गेला, आणि नळीत खोकला आला. मशीन वाजायला लागलं. सिस्टर धावत आल्या आणि आम्हाला मागे व्हायला सांगितलं. दोन-तीन मिनिटांनी सगळं शांत झालं. बाहेर येऊन आम्ही सगळ्यांना आनंदाने सांगितलं, “काकांनी आवाज ओळखला! हात उचलला!” मग काय, पुढचा जो जो आत गेला त्याने तेच विचारलं. “ओळखलं का?” “मी कोण सांगा?” “हात हलवा बघू.”

आता काकांना त्यातलं काय आठवतं ते ऐका. काका प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांना वाटत होतं की आपण रात्रीच्या वेळी कुठल्यातरी यार्डात अडकलोय. मशीनची टिकटिक त्यांना सिग्नलच्या घंटीसारखी वाटायची. तोंडं झाकलेली माणसं दोघं दोघं येतात, वाकून बघतात आणि विचारतात, “ओळखलं का?” काकांना वाटायचं ही तपासणी चाललीय. ओळख पटवायचीय, आपला पास हरवलाय, आणि तोंडात काहीतरी कोंबल्यामुळे आपल्याला उत्तर देता येत नाही. ते म्हणाले, “रोज वाटायचं, आज उत्तर दिलं नाही तर हे मला इथेच ठेवतील.”

आपण प्रेमाने विचारत होतो, आणि त्या माणसाला वाटत होतं आपली उलटतपासणी चाललीय.

*गुंगी म्हणजे झोप नाही*

आपण बाहेरून बघतो तेव्हा डोळे मिटलेले दिसतात. म्हणून आपल्याला झोपलेला माणूस आणि गुंगीतला माणूस सारखाच वाटतो. पण साध्या झोपेतल्या माणसाला हाक मारली की तो जागा होतो, कुठे आहोत ते त्याला समजतं आणि तो बोलतो. गुंगीच्या औषधावर असलेल्या माणसाला आवाज ऐकू येऊ शकतो, पण त्या आवाजाचा अर्थ लावणं, तो लक्षात ठेवणं आणि त्याला उत्तर देणं, हे तिन्ही औषधाने अडवलेलं असतं. आणि तोंडात नळी असेल तर ती स्वरतंतूंमधून गेलेली असते. मग शुद्ध आली तरी आवाज फुटत नाही.

गुंगी सगळ्यांची सारखी नसते, एका माणसाची दिवसभरही सारखी नसते. आयसीयूत सिस्टर ती दिवसातून अनेकदा तपासतात. त्यासाठी एक मोजपट्टी आहे. अमेरिकेतल्या रिचमंड शहरातल्या डॉक्टर-नर्समंडळींनी ती तयार केली आणि २००२ साली प्रसिद्ध केली. ती आता आपल्याकडेही वापरतात. त्यात शून्य म्हणजे जागा आणि शांत. शून्याच्या वर अस्वस्थपणा, खाली गुंगी. खाली उणे ५ पर्यंत पायऱ्या आहेत.

आपल्याला महत्त्वाची गोष्ट ही की, ही तपासणी सुईने किंवा मशीनने होत नाही, हाकेने होते. सिस्टर पेशंटचं नाव घेऊन म्हणतात, “डोळे उघडा, माझ्याकडे बघा.” त्याने डोळे उघडले आणि दहा सेकंद किंवा जास्त वेळ नजरेला नजर ठेवली, तर उणे १. नजर दिली पण दहा सेकंदांच्या आत गेली, तर उणे २. नुसती हालचाल झाली, नजर मिळालीच नाही, तर उणे ३. हाकेला काहीच नाही, पण हात लावल्यावर किंवा हलवल्यावर हालचाल झाली, तर उणे ४. कशालाच काही नाही, तर उणे ५. म्हणजे उणे १ ते ३ या तिन्ही पायऱ्यांवर माणसापर्यंत आवाज पोचतोय, हे डॉक्टरीशास्त्रच गृहीत धरतं. हल्ली डॉक्टर शक्य असेल तिथे गुंगी हलकीच ठेवायला बघतात. म्हणून डोळे मिटलेत म्हणजे ऐकू येत नाही, असं धरून चालू नये.

आत जाण्यापूर्वी सिस्टरना एवढंच विचारावं: “सिस्टर, हाक मारली तर प्रतिसाद देतात का? आत्ता बोललं तर चालेल का?” वडोदऱ्यात सिस्टर गुजराती असतील, मल्याळी असतील, पण हा प्रश्न त्यांना ओळखीचा असतो. “आत्ताच झोप लागलीय, बोलू नका” असं त्या म्हणाल्या तर तेच ऐकायचं. ते कसं, हे पुढे सांगतो.

*नेहमीचा नमस्कार इथे का चालत नाही*

आपला कुठलाही अभिवादनाचा शब्द घ्या. नमस्कार म्हटलं की समोरचा नमस्कार म्हणतो. “कसं काय?”ला “बरं आहे” येतं. शेजारचे “केम छो” म्हणतात, आपण “मजामां” म्हणतो. अभिवादन म्हणजे अर्धी देवघेव. उरलेली अर्धी समोरच्याकडून यायची असते. जो देऊ शकत नाही त्याच्यापुढे आपण हात पसरून उभे राहिलो, तर त्याला ते ओझं होतं. “कसं वाटतंय?” हासुद्धा नळी घातलेल्या माणसासाठी अवघड पेपर आहे.

म्हणून नियम एकच धरावा. *विचारायचं काही नाही, सांगायचं सगळं.* त्याला स्वतःहून जे कळू शकत नाही, ते आपण सांगायचं. आपण कोण, तो कुठे आहे, आत्ता कोणती वेळ आहे, आपण कधी निघतोय. काकांना नेमकं हेच कुणी सांगितलं नव्हतं. पहिले तीन दिवस अकरापैकी एकानेही “तुम्ही दवाखान्यात आहात” हे वाक्य उच्चारलं नाही. आपल्याला ते इतकं उघड दिसत होतं की सांगायचं सुचलंच नाही.

*पाच वाक्यं*

चौथ्या दिवशी आयसीयूतल्या एका अनुभवी सिस्टरनी काकांच्या सुनेला बाजूला घेऊन समजावलं. तिने त्याप्रमाणे केलं, आणि तिच्याकडून आम्ही शिकलो. ती काय करायची ते क्रमाने लिहितो.

*१. आधी त्याचं घरातलं नाव.* फाइलीवर काकांचं पूर्ण नाव होतं. सिस्टर त्यांना “काका” म्हणत. पण आयसीयूत कोणीही कोणालाही काका म्हणतं. शेजारच्या खाटेवरचेही काकाच होते. घरात त्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात, अगदी मुलंसुद्धा. सुनेने उशाशी जाऊन, उजव्या कानाजवळ वाकून, हळू म्हटलं, “भाऊ.” मग थांबली. मनात पाच आकडे मोजले. उजवा कान अशासाठी की त्यांना डाव्याने कमी ऐकू येतं. ही गोष्ट दवाखान्यात कुणाला माहीत नव्हती. तिने ती सिस्टरना सांगितली आणि घरातलं नावही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सिस्टरही “भाऊ” म्हणायला लागल्या.

*२. मग आपलं नाव आणि नातं.* “मी सुनंदा, तुमची सून,” अशा धाटणीचं. (नाव इथे बदललं आहे.) नुसतं “मी आलेय” नको. मास्कमुळे चेहरा दिसत नाही, चष्मा काढून ठेवलेला असतो, आवाजही कपड्याआडून येतो. सख्ख्या मुलानेसुद्धा नाव सांगावं. त्यात परकेपणा नाही.

*३. मग ठिकाण आणि कारण, एका वाक्यात.* “भाऊ, तुम्ही दवाखान्यात आहात. न्यूमोनिया झालाय. श्वासासाठी तोंडात नळी घातलीय, म्हणून बोलता येत नाहीये.” शेवटचा भाग सोडू नये. आवाज का निघत नाही याचं कारण कळलं की निम्मी धास्ती जाते.

*४. मग दिवस आणि वेळ, आणि घरची एक साधी खबर.* “आज गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. आई घरी आहेत, जेवल्यात.” खबर खरी असावी आणि लहान असावी. आयसीयूत दिवे रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळे गुंगीतून वर येणाऱ्याला दिवस-रात्रीचा हिशेब राहत नाही. आणि काकूंनी जेवण सोडलं असेल तर “जेवल्या” असं खोटं सांगू नये. खरी असेल अशी दुसरी खबर शोधावी. त्या दिवशी सुनेने काय सांगितलं माहितीय? “तुळशीला मी पाणी घातलं.” रोज ते काम काकांचं.

*५. शेवटी निघताना सांगून निघणं.* “भाऊ, मी आता येते. सिस्टर इथेच आहेत. उद्या सकाळी दादा येणार आहेत.” आपल्या भाषेत निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. गुजरातीतही ‘आवजो’च म्हणतात. आपल्या आजी ‘जातो’ म्हटल्यावर का रागवायच्या, ते आयसीयूत उभं राहिल्यावर समजतं. पण ‘येतो’ म्हणताना जो खरंच येणार आहे त्याचंच नाव घ्यावं. न सांगता निघून गेलं तर गुंगीतल्या माणसाच्या दृष्टीने आवाज नुसता विरून जातो. कोण गेलं, का गेलं, त्याला कळत नाही.

एवढंच. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागत नाही. आवाज जेवणाच्या टेबलावर समोरच्याशी बोलतो तेवढाच. ओरडायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुज ऐकू येते पण समजत नाही. एका वेळी एकानेच बोलायचं. दुसरा सोबत असेल तर तो गप्प उभा राहील आणि नंतर स्वतःचं नाव स्वतः सांगेल.

हात लावायचा असेल तर आधी सांगावं. “भाऊ, मी हात धरते.” मग जिथे सलाईन नाही, पट्टी नाही, अशी जागा बघून तळवा धरावा.

आणि हे सगळं *प्रत्येक भेटीत पहिल्यापासून* म्हणायचं. कालच सांगितलं होतं, आज पुन्हा कशाला, असं नाही. गुंगीसाठी देतात त्यातली मिडाझोलामसारखी औषधं नवीन आठवण तयार होऊ देत नाहीत. माणूस ऐकतो, कधी मानही हलवतो, आणि दहा मिनिटांनी ते पुसून जातं. शेवटी भीती तेवढी मागे राहते. म्हणून प्रत्येक भेट त्याच्यासाठी पहिलीच असते.

*काकांच्या बाबतीत पुढे काय झालं*

चौथ्या दिवशी सुनेने “भाऊ” म्हटल्यावर पापण्या थरथरल्या, बाकी काही नाही. सिस्टरनी सांगितलं, अजून गुंगी बरीच आहे. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी औषध कमी केलं. संध्याकाळी नाव ऐकून काकांनी डोळे उघडले, तीन-चार सेकंद बघितलं आणि पुन्हा मिटले. वर सांगितलेल्या मोजपट्टीवर हे उणे २ झालं. सुनेने “बघितलं, बघितलं!” म्हणून आरडाओरडा केला नाही. पुढचं वाक्य शांतपणे म्हटलं. सहाव्या दिवशी नळी निघाली.

नळी निघाल्यावर पहिली रात्र मात्र अवघड गेली. काका घोगऱ्या आवाजात म्हणत होते, “गाडी कुठल्या फलाटावर लागलीय? मला उतरायचंय.” याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. आयसीयूतून वर येणाऱ्या पुष्कळ जणांना, त्यातही वयस्कर माणसांना, असा भ्रम होतो. तो वेडेपणा नाही, आणि बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. तिथेही हीच वाक्यं उपयोगी पडली. “काहीतरी काय बोलता, हे स्टेशन आहे का?” असा वाद मुलाने घातला नाही, आणि “हो हो, गाडी येतेय” असंही म्हणाला नाही. तो म्हणाला, “भाऊ, मी आहे, तुमचा मुलगा. हा दवाखाना आहे. रात्रीचे अकरा वाजलेत. मी इथेच बसलोय.” त्या रात्री त्याने हे किती वेळा म्हटलं, ते त्यालाच माहीत. सिस्टरना सांगून त्याने चष्मा मात्र लगेच परत लावून दिला.

*कुठे थांबायचं*

आम्ही तिसऱ्या दिवशी केलेली चूक पुन्हा होऊ नये म्हणून हे नीट वाचा. हात उचलला, भुवया आक्रसल्या, नळीत खोकला आला, मशीन वाजलं, म्हणजे ‘ओळखलं’ असं धरू नका. आवाजाने नाडी थोडी वाढू शकते. तेवढ्यावरून चांगलं किंवा वाईट ठरवता येत नाही. पण चेहरा त्रासलेला दिसला, हात नळीकडे जायला लागला किंवा खोकला थांबेना, तर बोलणं तिथेच थांबवा, एक पाऊल मागे या आणि सिस्टरना सांगा. नळीला, पट्टीला, मशीनच्या बटणाला आपण हात लावायचा नाही.

दुसरं, खाटेपाशी उभं राहून पेशंटबद्दल आपसांत बोलायचं नाही. “किती खराब झालेत”, “बिल किती झालं”, “त्या अमक्यांचंही असंच झालं होतं”, हे सगळं बाहेर बोला. आवाज पोचतो, हे एकदा मानलं की हेही त्यात आलंच. आणि उशाशी उभं राहून रडू आवरत नसेल तर बाहेर येऊन रडावं. त्यात कमीपणा नाही.

*‘जय गुरुदेव’ म्हणावं की नाही?*

हा प्रश्न ग्रुपवर अनेकांनी विचारला. आमचं मत असं. जो माणूस रोज सकाळी फोन उचलताना ‘जय गुरुदेव’ म्हणतो, त्याच्यासाठी ती ओळखीची खूण आहे. ती जरूर द्यावी. पण नाव आधी, मग “जय गुरुदेव”, हळू, एकदाच, आणि त्याने उलट म्हणावं अशी वाट न बघता. ज्याच्या तोंडी हा शब्द कधी नव्हता, त्याला त्याचाच शब्द द्यावा. कुणाला राम राम, कुणाला जय श्रीकृष्ण, कुणाला सलाम. पेशंटला धीर द्यायला आपण गेलेलो असतो, तेव्हा शब्द त्याच्या सवयीचा हवा.

मोठ्यांच्या पाया पडायची आपली रीत आहे. गुंगीतल्या माणसाच्या पायाला अचानक हात लागला तर तो दचकतो. पायाशी उभं राहून हात जोडावेत आणि तोंडाने सांगावं, “भाऊ, नमस्कार करतो.” तीर्थ किंवा प्रसाद गुंगीतल्या माणसाच्या तोंडात कधीही घालू नये, थेंबभरही नाही. गिळण्याची शक्ती मंदावलेली असते, ते श्वासनळीत जातं. अंगारा लावायचा तर सिस्टरना विचारून.

*आणि साधी झोप असेल तर*

वॉर्डात, स्वतंत्र खोलीत, आपण दुपारी चारला पोचतो आणि पेशंट गाढ झोपलेला असतो. इथे वरचं सगळं विसरायचं. इथे अभिवादन मनातल्या मनात. रात्री त्याला बीपी बघायला उठवलेलं असतं, इंजेक्शनला उठवलेलं असतं, पहाटे रक्त घ्यायला उठवलेलं असतं. मग कुठे चारला डोळा लागतो, आणि आपण म्हणतो, “अहो उठा, छाणीहून आलेत भेटायला!” एवढ्या लांबून आलो हे खरं, पण ती झोप त्याच्या औषधाइतकीच कामाची आहे.

दारातूनच हात जोडावेत. जवळ बसलेल्या घरच्या माणसाला खुणेने बाहेर बोलवून त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. तोही दोन रात्री जागलेला असतो. त्याला म्हणावं, “तुम्ही जरा चहा पिऊन या, मी बसतो.” आणि उशाशी चिठ्ठी ठेवावी. “बुधवारी ४ वाजता आलो होतो. गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. पुन्हा येतो.” खाली नाव. जागा झाल्यावर माणूस ती चिठ्ठी दोनदा वाचतो. भेट झाली नाही असं त्याला वाटत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. सकाळी नीट बोलणारा माणूस दुपारी भलत्याच वेळी खूप सुस्त वाटला, डोक्याला मार लागलेला असला किंवा दुखणं थांबवायचं जोराचं औषध चालू असलं, श्वास फार हळू म्हणजे मिनिटाला आठ-दहाच्याही खाली वाटला, घशातून घरघर आली किंवा ओठ निळसर दिसले, तर ‘झोपू दे बिचाऱ्याला’ म्हणून बसू नका. लगेच सिस्टरना बोलवा. उठवून बघायचं की नाही ते त्या ठरवतील.

*याने काय होतं, काय होत नाही*

नीट हाक मारल्याने पेशंट लवकर बरा होतो, असा दावा आम्ही करत नाही. न्यूमोनिया औषधाने बरा झाला, डॉक्टर-सिस्टरांच्या कष्टाने बरा झाला. उणे ४-५ वर असलेल्या माणसापर्यंत आपलं बोलणं पोचलं की नाही, हे उशाशी उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. तरी तिथेही हीच वाक्यं म्हणावीत, कारण पोचलं तर धीर मिळेल, आणि नाही पोचलं तरी त्यात नुकसान होईल असं काही नाही. ‘ओळखलंत का?’चं तसं नाही. ते पोचलं तर टोचतं.

काकांना आम्ही विचारलं, चौथ्या दिवसानंतरचं काही आठवतं का? सुनेचा चेहरा आठवत नाही. वाक्यंही आठवत नाहीत. ते म्हणाले, “यार्डात कोणीतरी येऊन सांगायचं की तुळशीला पाणी घातलंय. मग मला वाटायचं, म्हणजे घर जवळच आहे.”

परवा आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा जिन्यातूनच सवयीने ओरडलो, “काका, ओळखलंत का?” काका आतून म्हणाले, “आधी तुझा पास दाखव.”

आपल्या घरच्या ग्रुपवर हा पाठ जरूर पाठवावा. घरात कुणी दवाखान्यात असेल तर त्यांचं घरातलं नाव आणि चांगला ऐकू येणारा कान, एवढ्या दोन गोष्टी आजच सिस्टरना सांगून ठेवाव्यात.

येतो. जय गुरुदेव. 🙏